चेहरा ब्लर केला, पण लपला का?

मंडळाचा कार्यक्रम संपला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोटोंची वाट पाहिली जाते. गणेशोत्सव असो, कोजागरी असो की मुलांची पाठांतर स्पर्धा, फोटो आधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतात, मग संकेतस्थळावर आणि फेसबुकवर. अलीकडे पालक आवर्जून सांगतात, "आमच्या मुलीचा फोटो टाकायचा असेल तर चेहरा ब्लर करून टाका." फोटो टाकणारे कार्यकर्ते तसं करतातही. मोबाइलमधल्या अॅपवर बोट फिरवायचं, चेहऱ्यावर धुकं पसरतं किंवा चौकोनी ठिपके येतात, आणि सगळे निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा कितपत खरा आहे, हे आपण या लेखात पाहणार आहोत. हलका ब्लर किंवा बारीक चौकोन यांनी चेहरा पुष्कळदा लपतच नाही. तो का लपत नाही हे एकदा समजलं की उपाय अगदी सोपा आहे.

सुरुवात आपल्या शहरापासूनच करू. तेलंगणा पोलिसांकडे 'दर्पण' नावाची एक संगणक प्रणाली आहे. 2018 पासून ती वापरात आहे. हरवलेल्या मुलांचे फोटो आणि देशभरातल्या बालगृहांत राहणाऱ्या मुलांचे फोटो ही प्रणाली एकमेकांशी ताडून पाहते. 2015 मध्ये उत्तर प्रदेशातून हरवलेला एक मुलगा आसाममधल्या एका बालगृहात होता. 2020 मध्ये या प्रणालीने त्याचे दोन फोटो जुळवले आणि सुमारे पाच वर्षांनी तो आईवडिलांना भेटला. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते. मूल पाच वर्षांनी मोठं झालं, राज्य बदललं, तरी एका जुन्या फोटोवरून यंत्राने त्याचा माग काढला. आज आपण संकेतस्थळावर टाकलेला फोटो असाच वर्षानुवर्षं तिथे राहणार आहे, आणि चेहरे जुळवणारी साधनं फक्त पोलिसांकडेच आहेत असंही नाही. चेहऱ्याचा फोटो टाकला की त्या माणसाचे इतर फोटो शोधून देणारी संकेतस्थळं आज कोणालाही वापरता येतात.

चेहरे जुळवण्याचा प्रश्न हैदराबादमध्ये न्यायालयातही गेलेला आहे. मे 2021 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी रस्त्यात थांबवलं, मास्क काढायला सांगितलं आणि फोटो घेतला. त्यावरून त्यांनी तेलंगणा उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. आपला फोटो कोणी, कशासाठी घेतला आणि तो कशाशी जुळवला जाणार, हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या फोटोत पाठीमागे अनोळखी माणसं येतात, तेव्हा त्यांच्या वतीने हाच प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आता ब्लर म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. मोबाइलचा फोटो म्हणजे लाखो बारीक रंगीत ठिपके, म्हणजेच पिक्सेल. चौकोनी ठिपक्यांच्या ब्लरमध्ये, ज्याला मोझॅक किंवा पिक्सेलेशन म्हणतात, अॅप चेहऱ्यावर एक जाळी ठेवतं. जाळीच्या प्रत्येक घरातल्या सगळ्या पिक्सेलची सरासरी काढतं आणि ते घर त्या एकाच रंगाने भरतं. धुक्यासारख्या ब्लरमध्ये प्रत्येक पिक्सेलचा रंग शेजाऱ्यांच्या रंगात मिसळला जातो. दोन्हींत माहिती पुसली जात नाही, तिची सरासरी होते. भुवईची बारीक रेघ जाते, पण कपाळ उजळ आहे, डोळ्यांच्या जागी सावली आहे, केस कुठून सुरू होतात, जबडा रुंद की निमुळता, चश्मा आहे की नाही, हे सगळं सरासरीतही उरतं. ओळख पटायला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

हे मोबाइलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. 1973 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनचं चित्र अगदी मोजक्या चौकोनांत मांडून दाखवलं. जवळून पाहिलं तर फक्त करड्या फरशा दिसतात. डोळे किलकिले केले किंवा चार पावलं मागे गेलं की लिंकन समोर उभा! चौकोनांच्या कडा म्हणजे खोट्या ठसठशीत रेषा असतात आणि जवळून पाहताना नजर त्यांच्यातच अडकते. डोळे किलकिले केले की त्या कडा विरतात आणि खाली उरलेला खरा आकार वर येतो. याचा आपल्याशी थेट संबंध आहे. ज्या कार्यकर्त्याने फोटो मोठा करून चेहऱ्यावर चौकोन टाकले, त्याला चेहरा लपलेला दिसतो. तोच फोटो ग्रुपवर अंगठ्याएवढा दिसतो, तेव्हा चौकोन विरतात आणि मूल ओळखू येतं. म्हणजे फोटो तपासणारा आणि फोटो पाहणारा यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतात.

आपल्या कार्यक्रमातलंच एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब करू. पाठांतर स्पर्धेचे दोन फोटो आहेत, दोन्ही 4000 बाय 3000 पिक्सेलचे. पहिला जवळून काढलेला आहे. बक्षीस घेणारी मुलगी आणि तिच्या शेजारी उभा असलेला मुलगा, ज्याच्या पालकांनी फोटो टाकू नका म्हटलं आहे. त्या मुलाचा चेहरा 800 पिक्सेल रुंद आहे. दुसरा फोटो सगळ्या स्पर्धकांचा आहे. त्यात तोच मुलगा मागच्या रांगेत आहे आणि त्याचा चेहरा 100 पिक्सेल रुंद आहे. अॅपमध्ये चौकोनाचा आकार 20 पिक्सेल ठरलेला आहे आणि दोन्ही फोटोंवर तोच वापरला.

दुसऱ्या फोटोत चेहऱ्यावर आडवे 100 भागिले 20, म्हणजे 5 चौकोन येतात. उभेही साधारण तेवढेच धरले तर एकूण 25. पहिल्या फोटोत आडवे 40 चौकोन येतात आणि एकूण 1600. म्हणजे जवळच्या फोटोत मुलाच्या चेहऱ्याचं सोळाशे तुकड्यांचं नीटस चित्र आपणच तयार करून दिलं. फोटो थोडा लहान केला की तो मुलगा स्पष्ट दिसेल. अॅप तेच, बोट फिरवणारा माणूसही तोच, पण एका फोटोत चेहरा बराचसा झाकला आणि दुसऱ्यात जवळजवळ उघडाच राहिला. म्हणून 'ब्लर केलं का?' असं विचारून काही कळत नाही. चेहऱ्याच्या रुंदीत किती चौकोन उरले, हे मोजावं लागतं. धुक्याच्या ब्लरलाही हाच नियम लागू आहे. धुकं किती जाड आहे हे चेहऱ्याच्या आकाराच्या तुलनेत ठरतं. मागच्या रांगेतल्या छोट्या चेहऱ्याला पुरणारं धुकं जवळच्या मोठ्या चेहऱ्यावर काहीच झाकत नाही.

मग 25 चौकोन उरले तर काळजी मिटली का? माणसाच्या डोळ्यांपुरती बऱ्याच अंशी मिटली. यंत्रापुढे मात्र तशी खात्री देता येत नाही, कारण यंत्राचं काम आपण समजतो तसं चालत नाही. आपल्याला वाटतं की ओळखण्यासाठी आधी धूसर चेहरा पुन्हा स्पष्ट करावा लागेल आणि ते तर अशक्य आहे. स्पष्ट करायची गरजच नसते. समजा मंडळात चाळीस मुलं आहेत आणि त्यांचे स्पष्ट फोटो आधीच्या कार्यक्रमांमुळे कुठे ना कुठे उपलब्ध आहेत. मग त्या चाळीस फोटोंवर तसेच चौकोन टाकायचे आणि कोणते चौकोन आपल्या धूसर चेहऱ्याशी जुळतात ते पाहायचं. प्रश्न 'हा चेहरा कसा दिसतो?' असा राहत नाही, 'या चाळिसांपैकी हा कोण?' असा होतो. तो फारच सोपा आहे.

2016 मध्ये रिचर्ड मॅकफर्सन, रझा शोक्री आणि विताली श्मातिकोव या संशोधकांनी हेच करून दाखवलं. त्यांनी यंत्राला धूसर केलेलेच चेहरे दाखवून शिकवलं. चाळीस माणसांच्या एका फोटोसंचात प्रत्येक फोटो फक्त 92 पिक्सेल रुंद होता. त्यावर 16 पिक्सेलचे चौकोन टाकले, म्हणजे आडवे जेमतेम सहा. तरीही यंत्राने दहापैकी नऊहून अधिक वेळा माणूस बरोबर ओळखला. नुसता अंदाज केला असता तर चाळिसात एकदाच बरोबर आला असता. 530 प्रसिद्ध व्यक्तींच्या दुसऱ्या संचातही, चौकोन टाकलेले असताना, निम्म्याहून अधिक वेळा उत्तर बरोबर आलं. याची मर्यादाही सांगायला हवी. हे उमेदवारांची यादी आधीपासून हातात असतानाचं आहे. जगातल्या कोणत्याही अनोळखी माणसाला सहा चौकोनांवरून हुडकता येतं, असं यातून सिद्ध होत नाही. पण आपल्यासारख्या मंडळाच्या बाबतीत यादी हातात असतेच. सभासदांची कुटुंबं ठरलेली, मुलं ठरलेली आणि मागच्या दहा वर्षांचे फोटो त्याच संकेतस्थळावर. लहान आणि जुन्या समाजात ब्लर सगळ्यांत कमकुवत ठरतो तो यामुळेच.

इथे एक उलटा धोकाही आहे. धूसर चेहरा 'स्पष्ट करून देतो' असं सांगणारी अॅप खऱ्या अर्थाने काही परत आणत नाहीत. ती त्या चौकोनांत बसेल असा एखादा चेहरा तयार करतात. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून आलेल्या अशा एका साधनात कोणीतरी बराक ओबामांचा चौकोनी फोटो घातला, तर बाहेर आला एक गोरा, अनोळखी माणूस. अशा चित्रावर विसंबून कोणी एखाद्यावर बोट ठेवलं तर भलत्याच माणसाला त्रास होईल. म्हणजे अर्धवट लपवलेल्या चेहऱ्यावरून खरा माणूस ओळखला जाऊ शकतो, आणि तो नाही तर दुसराच कोणी त्याच्या जागी धरलाही जाऊ शकतो.

चेहरा पिळवटून गोल फिरवणारे इफेक्टही असतात. ते तर मुळीच वापरू नयेत. तिथे सरासरीही होत नाही. पिक्सेल फक्त जागा बदलतात, आणि उलट फिरवले की चेहरा परत येतो. 2007 मध्ये मुलांवरच्या अत्याचाराच्या फोटोंत आपला चेहरा असा फिरवून लपवलेल्या एका गुन्हेगाराचा चेहरा जर्मन पोलिसांनी पुन्हा सरळ केला, इंटरपोलने तो जगभर प्रसिद्ध केला आणि काही दिवसांतच तो थायलंडमध्ये पकडला गेला. तिथे ते चांगल्यासाठी झालं. आपण मुलांचे चेहरे त्याच पद्धतीने लपवू लागलो, तर तीच युक्ती मुलांच्या विरुद्ध वापरता येईल.

चेहरा पूर्ण झाकला तरी बाकीचा फोटो बोलतोच. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की चेहरा काळा केलेला असला तरी त्या व्यक्तीचे नाव जोडलेले मोजके स्पष्ट फोटो मिळाले, तर शरीराची ठेवण आणि कपडे यांवरून यंत्र ओळख जुळवू शकतं. फोटो एकाच कार्यक्रमातले असतील तर हे आणखी सोपं होतं. यासाठी आपल्याला यंत्रही लागत नाही. एका फोटोत मोरपंखी परकर-पोलक्यातल्या मुलीचा चेहरा झाकलेला आहे आणि पुढच्याच फोटोत तेच परकर-पोलकं घातलेली मुलगी आईच्या कडेवर हसते आहे. खाली आईचं नावही आहे. मग झाकलं काय?

आपला कायदाही ओळख म्हणजे फक्त चेहरा असं मानत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार, कायद्याच्या प्रक्रियेत असलेल्या किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख दुरान्वयानेही उघड होता कामा नये असं बजावलं. जून 2022 मध्ये हैदराबादमधल्या एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात फोटो आणि चित्रफीत पत्रकारांसमोर दाखवल्याबद्दल एका आमदारावर गुन्हा नोंदवला गेला. मंडळाच्या फोटोंची पातळी अर्थात वेगळी आहे. पण व्हॉट्सअॅपवर अशा प्रकरणांची दृश्यं 'चेहरा ब्लर केलाय' म्हणून पुढे पाठवली जातात, तेव्हा हे लक्षात असू द्यावं. ब्लर असला तरी ती पुढे पाठवू नयेत.

आपल्या रोजच्या फोटोंत धोका कोणाला असतो? बहुतेकांना फारसा नसतो. ज्यांना असतो त्यांना मात्र खूप असतो, आणि ते कोण आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दुसऱ्या शहरातून इथे आलेली बाई आणि तिचा मुलगा, ताब्यावरून आईवडिलांचा वाद चालू असलेलं मूल, दत्तक घेतलेलं मूल, किंवा हुसेन सागरावर विसर्जनाच्या गर्दीत फोटोच्या कोपऱ्यात सहज आलेला कोणी. त्यांना शोधणारा माणूस बहुतेकदा ओळखीचाच असतो. त्याच्याकडे त्यांचे स्पष्ट फोटो असतात आणि उमेदवारांची यादी एकाच नावाची असते. अशा माणसापुढे हलका ब्लर टिकत नाही.

आता उपाय. चेहरा झाकायचा असेल तर त्यावर पूर्ण अपारदर्शक, एकरंगी ठिपका किंवा स्टिकर ठेवावा. तो केसांपासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही कान झाकेल एवढा मोठा असावा. एकाच रंगाच्या ठिपक्यात सरासरी काढायलाही काही उरत नाही, त्यामुळे जुळवायलाही काही नसतं. अॅपमधलं हायलायटर किंवा मार्कर वापरू नये. ते थोडं पारदर्शक असतं, आणि फोटोचा उजेड वाढवला की खालचा चेहरा दिसू शकतो. काळा ठिपका पाहायला वाईट वाटतो, असं अनेकांचं म्हणणं असतं. त्यावर युक्ती आहे. आधी चेहऱ्यावर त्वचेच्या किंवा पार्श्वभूमीच्या रंगाचा एकरंगी ठिपका भरावा, फोटो तसा जतन करावा आणि मग त्या ठिपक्यावर ब्लर फिरवून कडा मऊ कराव्यात. दिसतो ब्लरच, पण खाली चेहरा उरलेला नसतो. क्रम मात्र हाच हवा.

त्याहूनही चांगलं म्हणजे त्या व्यक्तीला फोटोतून कापून टाकणं, किंवा मुळात तसा फोटोच न काढणं. समूहगीताचा फोटो मंचाच्या मागून काढला तर मुलांच्या पाठी आणि समोरचा प्रेक्षागृहातला उजेड दिसतो, आणि फोटो चांगलाही येतो. रांगोळी काढणारे हात, समईजवळची फुलं, बक्षिसांचं टेबल, यांतूनही कार्यक्रम कळतोच.

कापलेला फोटो खरोखर कापला गेला आहे का, हेही पाहावं. मार्च 2023 मध्ये उघड झालं की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या फोटो संपादनाच्या साधनात एक दोष होता. कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये मूळ चित्राचा काही भाग तसाच राहत होता आणि तो परत काढता येत होता. विंडोजच्या एका साधनातही तसाच दोष सापडला. दोष दुरुस्त झाले, पण तोपर्यंत पाठवलेले फोटो तसेच राहिले. म्हणून कामाची मूळ फाइल कधीही पुढे देऊ नये. संपादन पूर्ण करून नवी प्रत काढावी आणि तीच टाकावी. आणि सगळे मूळ फोटो एखाद्या ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून त्याची लिंक दोनशे जणांना दिली असेल, तर संकेतस्थळावर ठिपके लावून काय उपयोग?

व्हिडिओत जास्तच जपावं लागतं. चेहरा हलतो तसे चौकोन प्रत्येक वेळी चेहऱ्याच्या थोड्या वेगळ्या भागाची सरासरी देतात, आणि अशा पुष्कळ चित्रांतून मिळून एका फोटोपेक्षा जास्त तपशील गोळा होतो. शिवाय मूल वळलं की चेहऱ्यामागे धावणारा ब्लर क्षणभर मागे राहतो. एक क्षण उघडा दिसला तरी पुरे, कारण कोणीही तिथे थांबवून तो टिपू शकतो. म्हणून व्हिडिओ टाकण्याआधी मुलं हलतात तिथे तो अगदी हळू पुढे सरकवून पाहावा. शंका वाटली तर तो तुकडाच काढून टाकावा.

टाकण्याआधीची चाचणी दोन मिनिटांची आहे. फोटो अंगठ्याएवढा लहान करून हात लांब करून पाहा आणि डोळे किलकिले करा. मग ज्याने फोटो काढलेला नाही, पण मुलांना ओळखतो, अशा कोणाला तरी दाखवा आणि 'हा कोण?' म्हणून विचारा. त्याने नाव सांगितलं तर फोटो थांबवा. शेवटी त्याच कार्यक्रमाचे बाकीचे फोटो आणि त्यांखालची नावं शेजारी ठेवून पाहा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. घरगुती वापराला जी सूट आहे ती व्यक्तीला आहे, मंडळासारख्या संस्थेला ती सांगता येईल असं दिसत नाही. म्हणून स्पर्धेच्या नावनोंदणीच्या अर्जावरच 'मुलाचा फोटो प्रसिद्ध करायला संमती आहे / नाही' अशी एक ओळ घ्यावी. ज्यांचं उत्तर 'नाही' असेल, त्या मुलांची यादी फोटो काढणाऱ्याच्या हाती कार्यक्रमाआधी द्यावी, म्हणजे झाकायची वेळच कमी येईल. आणि संकेतस्थळावर आधीच असलेल्या एखाद्या फोटोवर कोणत्याही सभासदाची हरकत असेल, तर कारण न विचारता तो काढावा.